सदतीसचा गुणाकार

त्या खोलीला पेरूचा वास यायचा. बेळगावातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या तळमजल्यावर आमचा आयसोटोप विभाग होता. दारावर किरणोत्साराचं तीन पाकळ्यांचं चिन्ह होतं आणि त्याखाली इंग्रजीत आणि कन्नडमध्ये इथे खाऊ-पिऊ नये असं लिहिलेलं होतं. आतल्या टेबलाच्या खणात आमच्या विभागप्रमुखांचे पेरू असायचे. मुंबईहून आलेल्या पार्सलची पट्टी ज्या कात्रीने कापायची, त्याच कात्रीच्या टोकाने ते पेरूच्या बिया उकरून काढायचे आणि त्या बिया शिशाच्या विटांच्या कोपऱ्यात टाकायचे. झाडूवाली तिथे झाडायला येत नसे, तिला तसं बजावलेलं होतं. त्या बियांना बुरशी आली की मी कागदाने उचलायची.

मी एम्‌एस्‌सी फिजिक्स करून, चार महिन्यांचं एक प्रशिक्षण घेऊन तिथे लागले होते. ही ऐंशीच्या दशकाच्या मधली गोष्ट. वडगावातून सायकलने यायची. शाळा कॉन्व्हेंटची, त्यामुळे आकडे मनात इंग्रजीत मोजायची, आणि माणसांशी बोलायची वेळ आली की आधी वाक्य मनात जुळवून घ्यायची. ते जुळेपर्यंत समोरचा पुढच्या विषयावर गेलेला असायचा. सरांना हे सोयीचं होतं. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझं गाव विचारलं, मग वडील काय करतात ते विचारलं, मग आडनाव पुन्हा एकदा नीट विचारलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पाण्याचा पेला टेबलावरून खणात गेला, पेरूंच्या शेजारी. आम्ही दोघांनीही त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही.

याच माणसाला मी आयोडीन तोंडाने ओढताना पाहिलं होतं. गोळ्या यायच्या आधी किरणोत्सारी आयोडीन बाटलीतून द्रवरूपात यायचं, आणि सर काचेची नळी ओठात धरून, सरबत ओढावं तसं ते नळीत चढवायचे. रबरी फुगा होता, कपाटात, वेष्टनासकट. "फुग्याने हात स्थिर राहत नाही," असं ते म्हणायचे. मग नळीचं टोक धोतरासारख्या मऊ झालेल्या एका फडक्याला पुसायचे आणि त्याच फडक्याने कधी कधी कपाळ.

आमचं मुख्य काम थायरॉइडचं. मानेतली ही ग्रंथी आयोडीन ओढून घेते. फार जोरात काम करणारी ग्रंथी फार ओढते. रोग्याला सकाळी थोडं किरणोत्सारी आयोडीन द्यायचं, दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला मानेसमोर मोजणीयंत्राचं नळकांडं धरायचं, आणि दिलेल्यापैकी किती टक्के मानेत जाऊन बसलं ते काढायचं. आमच्याकडे चाळीस टक्क्यांच्या आतला आकडा ठीक समजत. त्याच्या वर गेला की वरच्या मजल्यावरचे फिजिशियन औषध सुरू करत.

हे टक्के काढायचा सरळ मार्ग असा, की रोग्याला दिली तशीच दुसरी गोळी प्लास्टिकच्या खोट्या मानेत ठेवून मोजायची आणि रोग्याच्या मानेचा आकडा तिच्या आकड्याने भागायचा. सरांनी हे बंद केलं होतं. रोज कोण मोजत बसणार, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी कधीतरी एकदाच मोजून, एका मायक्रोक्युरीला, म्हणजे किरणोत्साराच्या एका मापाला, यंत्र मिनिटाला किती ठोके देतं तो आकडा काढला होता आणि भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. एक हजार. गोळीवर जितके मायक्रोक्युरी लिहिलेले असतील त्याला हजाराने गुणायचं, की झालं. वर्कशीटच्या वरच्या भागात गोळीचा तपशील सर भरायचे, खालच्या भागात मोजणीचे आकडे मी. रकाने सगळे मायक्रोक्युरीचे छापलेले.

तोवर गोळ्यांच्या डब्यावरही मायक्रोक्युरीच असायचे. पंचवीस. मग एका पार्सलमध्ये जो डबा आला त्यावर प्रत्येक गोळीपुढे नुसतं नव्या मापात, शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर मेगाबेक्वेरेल, लिहिलेलं होतं.

सरांनी चष्मा कपाळावर चढवला. "आता हे नवीन खूळ," ते म्हणाले. मग त्यांनी फळ्यावर लिहिलं, मेगाबेक्वेरेल गुणिले सदतीस बरोबर मायक्रोक्युरी. शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर गुणिले सदतीस. सत्तावीस पूर्णांक चार. "पंचवीसच्या जवळपास. बरोबर आहे," म्हणाले आणि खडू खाली ठेवून हात शर्टाला पुसले.

मी तेव्हा आतल्या खोलीत नळकांड्यापुढची खुर्ची पुसत होते; दारातून सर दिसत होते, फळा नाही, त्यावर काय होतं ते मला नंतर उलगडलं. मागच्या रोग्याच्या मानेवरची हळद तिच्या पाठीला लागली होती. फळा मी दुपारी पाहिला, पण त्यावरचं गणित तोवर पुसून त्याजागी कुणाचातरी फोन नंबर लिहिलेला होता.

त्याच डब्यातली गोळी निपाणीच्या बाईला मिळाली.

ती तिशीची असेल. विड्या वळायची. सोबत तिची थोरली जाऊ होती, जाड अंगाची, दंडाला काळा दोरा बांधलेली. बाई मात्र पार वाळलेली. डोळे किंचित बाहेर आलेले, मानेवर पुढून फुगवटा, आणि हात असा कापत होता की नाव सांगताना पदराचं टोक एकसारखं हलत होतं. मी नाडी धरली नाही, पण मानेवरची शीर लांबून दिसत होती.

"हात कापतोय म्हनून विडी सैल पडतीया," जाऊ मला म्हणाली. "चेकर बाजूला काढतोय निम्मा माल. सासू म्हनती, ढोंग करतीया. काम नको म्हनून. मी म्हनलं, एकदा मशिनीवर घालून आनू. मशीन काय तिची पावनी न्हवं."

"आक्का, गप की गं," बाई म्हणाली.

"गप कशाला? रोग निघाला तर औशिद आनायचं, न्हाय निघाला तर उद्यापास्नं गप वळाय बसायचं. असंच ठरवून आलोय न्हवं आमी?"

बाईने मान हलवली. असं ठरवून आल्या होत्या.

मी गोळी दिली. कागदी पेल्यातून, चिमट्याने न धरता, पेला ओठाला लावून. वर अर्धा ग्लास पाणी. मी नेहमी रोग्याचा गळा बघते, गिळलेलं दिसतं. त्या गळ्यात तर फुगवटासुद्धा वर सरकून खाली आला. तिने तांब्यातलं उरलेलं पाणीही पिऊन टाकलं आणि तोंड पुसलं.

दुसऱ्या दिवशी दोघी त्याच वेळेला आल्या. रात्री बेळगावातच, खासबागेत कुणा नातेवाइकांकडे उतरल्या होत्या. मी मान मोजली, मांडीसमोर मोजून बाकी अंगातलं आयोडीन वजा केलं, एका दिवसात आयोडीन आपोआप थोडं कमी होतं त्याचा हिशेब धरला, आणि आकडा खाली लिहून कागद सरांना दिला. त्यांनी सत्तावीस हजार चारशेने भागलं. अडतीस टक्के.

"नॉर्मल," ते म्हणाले आणि शिक्का मारला.

तासाभरात फिजिशियन स्वतः खाली आले. धारवाडकडचे, उंच, सावकाश बोलणारे. त्यांचं मराठी कन्नडच्या चालीने चालायचं.

"अहो, हे नॉर्मल कसं येतंय री? बाईची नाडी एकशे तीस आहे. डोळे बघितलात का तुम्ही? वजन बघितलात?"

सर खुर्चीतून उठले नाहीत. "डॉक्टर, मशीन तर खोटं बोलत नाही."

"मग बाई खोटं बोलतेय?"

मी हे ऐकलं आणि मला वाटलं की आता सर कागद पुन्हा बघतील. त्यांनी कागदाकडे पाहिलं नाही. पेरूची फोड दाताच्या मागे ढकलून ते म्हणाले, "निपाणीची आहे. तंबाखूवाली. या बायकांना गालात ठेवायची सवय असते. गोळी गालात ठेवली असेल आणि बाहेर जाऊन थुंकली असेल. अर्धी पोटात, अर्धी मोरीत. मला या पट्ट्याचा अनुभव आहे."

"ती तंबाखू खाते का?"

"विडी वळते म्हणजे खाणारच."

डॉक्टर माझ्याकडे वळले. त्यांनी मला विचारलं, "गोळी तुम्ही दिलीत का?"

"हो. गिळली तिने," मी म्हणाले. एवढंच जुळलं.

"गिळलेली दिसते, पण असते गालात," सर म्हणाले. "आत्ता दाखवतो. बोलव तिला."

त्यानंतर जे झालं ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. सरांनी बॅटरी माझ्या हातात दिली आणि चपटी लोखंडी पट्टी स्वतःच्या. ती पट्टी कालपासून सॅव्हलॉनच्या त्याच पाण्यात होती, पाण्यावर तवंग आला होता. बाईला स्टुलावर बसवून त्यांनी तोंड उघडायला लावलं. गाल आतून बाजूला ओढून, हिरड्यांमागे, जिभेखाली पट्टी फिरवली. "बॅटरी इकडे. इकडे गं. वर." बाईला उबळ आली. डोळ्यांतून पाणी आलं. जाऊ दारात उभी होती आणि पदर तोंडाला लावून बघत होती. तोंडात तंबाखू नव्हती. दात पांढरे होते, एक दाढ किडलेली. सरांनी पट्टी काढून तिच्याच पदराला पुसली.

मग त्यांनी स्टीलचं भांडं पुढे केलं. "थुंक."

"काय जी?"

"थुंक यात. काल थुंकलीस तशी."

"म्या न्हाय थुकले, सायेब."

"थुंक म्हटलं ना."

ती थुंकली. तोंड कोरडं पडलेलं होतं, दोनतीनदा प्रयत्न करावा लागला. सरांनी ते भांडं माझ्या हातात देऊन नळकांड्यापुढे धरायला लावलं. कोमट होतं. मी हात लांब करून धरलं. यंत्राचे ठोके रिकाम्या खोलीच्या ठोक्यांपेक्षा किंचित जलद पडू लागले. डॉक्टर आणि जाऊ दोघंही ऐकत होते.

"बोलतंय यंत्र," सर म्हणाले. "तोंडात अजून शिल्लक आहे."

मला माहीत होतं, की रक्तातलं थोडं आयोडीन लाळेत उतरतंच. गोळी नीट गिळलेल्या कुणाच्याही लाळेत सापडतं. ते पुस्तकात होतं आणि ते पुस्तक त्याच कपाटात होतं. मी ते सांगायला तोंड उघडलं. माझ्या हातात ते भांडं होतं आणि मला इतकी शिसारी आली होती की तोंड उघडल्यावर पोटातलंच वर येईल असं वाटलं. शिसारी थुंकीची नव्हती. माझ्या आईनेही लहानपणी माझी थुंकी हाताने पुसली असेल. शिसारी त्या माणसाच्या समाधानाची होती. त्याने एका बाईच्या तोंडात लोखंड घालून स्वतःची बेरीज बरोबर आणली होती.

"तरी म्या म्हनत हुते," जाऊ तिला दारातच म्हणाली. "काल मोरीत इतका येळ काय करत हुतीस? घरात आता काय सांगू मी? दवाखान्यात जाऊन औशिद थुकून आली म्हनून?"

"आक्का, आईची आन. गिळली की गं."

"मशीन सांगतंय."

सरांनी शेऱ्यात इंग्रजीत लिहिलं, की रोग्याने सहकार्य केलेलं नाही, गोळी पूर्ण घेतल्याची खात्री नाही. निकाल नॉर्मल. अहवाल टाइप करून ठेवतो, उद्या न्यायला या, असं त्यांना सांगितलं. डॉक्टर जाताना म्हणाले की कागद हातात आल्यावर बघतो. त्यांच्याही हातात काही नव्हतं. आमच्या आकड्याशिवाय ते औषध सुरू करत नसत, आणि आकडा नॉर्मल होता.

त्या दिवशी मी ते वर्कशीट टाइप करायला खिडकीजवळ घेऊन बसले. वरचा भाग कधी वाचत नसे, तो सरांचा. आज वाचला. शून्य पूर्णांक चौऱ्याहत्तर मेगाबेक्वेरेल. पुढे सत्तावीस पूर्णांक चार मायक्रोक्युरी.

हे गणित अवघड नाही. बेक्वेरेल म्हणजे सेकंदाला एक अणू फुटणं. मायक्रोक्युरी म्हणजे सेकंदाला सदतीस हजार. तेव्हा बेक्वेरेलचे मायक्रोक्युरी करायचे तर सदतीस हजारांनी भागायचं. गोळीत सात लाख चाळीस हजार बेक्वेरेल. भागिले सदतीस हजार. वीस. नेमके वीस, खाली बाकी नाही. बनवणाऱ्यांनी वीस मायक्रोक्युरीचीच गोळी बनवली होती आणि फक्त नव्या भाषेत लिहिली होती. एका मेगाबेक्वेरेलचे सत्तावीस मायक्रोक्युरी होतात. सरांना त्यातला सदतीस तेवढा आठवत होता आणि जिथे भागायचं तिथे त्यांनी गुणलं होतं. उत्तर पंचवीसच्या शेजारी येऊन बसलं म्हणून कुणाला खुपलं नाही.

वीस मायक्रोक्युरीची गोळी. मग तिच्या मानेत अडतीस टक्के नव्हते. बावन्न होते.

मी कागद सरांकडे नेला. ते हात धूत होते. निदान ते एवढं करायचे. मी म्हणाले, "सर, मला वाटतं मेगाबेक्वेरेलला सत्तावीसने गुणायचं असतं."

"सदतीस," ते नळाकडे तोंड करूनच म्हणाले. "क्युरीचा आकडा सदतीस. हे बी.एस्‌सी.च्या पोरांनाही पाठ असतं."

"क्युरीचे बेक्वेरेल करताना सदतीस. आपण उलट..."

"तुला कॉन्व्हेंटमध्ये उलट शिकवलं असेल." ते हसले. चांगल्या मूडमध्ये होते. "जा, टाइप कर. आणि त्या भांड्यावर सॅव्हलॉन टाक, घाण."

मी टाइप केलं नाही. भांडं धुतलं.

रात्री घरी आई म्हणाली, "जेवत का न्हाईस?" मी म्हणाले, भूक नाही. ताटातल्या भाताची वाफ बघून पुन्हा तेच कोमट भांडं हातात असल्यासारखं झालं. मला राग आला असता तर बरं झालं असतं, रागात माणूस बोलतं तरी. मला फक्त किळस येत होती, आणि किळस आलेलं माणूस तोंड मिटून घेतं. पण एक कळत होतं. गणित दाखवून सर ऐकणार नव्हते, त्यांच्याकडे सदतीस होता. ज्यात क्युरीही नाही आणि बेक्वेरेलही नाही असं काहीतरी दाखवायला हवं होतं.

तिच्या मानेतलं आयोडीन अजून तिथेच होतं. ते निम्मं व्हायलाच आठ दिवस लागतात. आणि डब्यात तिच्या गोळीची जुळी गोळी होती.

ज्या दिवशी अहवाल न्यायला त्या येणार होत्या, त्या सकाळी मी वरच्या मजल्यावर डॉक्टरांच्या दाराशी जाऊन उभी राहिले. आत दोन रोगी होते. ते गेल्यावरही मी उभीच होते.

"काय री?" त्यांनी विचारलं.

"निपाणीची बाई आज येणार आहे. मी तिची मान परत मोजणार आहे. गोळीशी ताडून. तुम्ही खाली आलात तर..." पुढचं वाक्य जुळलं नाही.

"सरांना सांगितलंय का?"

"नाही."

त्यांनी पेन खिशाला लावलं. "येतो," म्हणाले.

बाई आली तेव्हा सर आपल्या खोलीत होते. मी तिला खुर्चीत बसवलं. ती आधी बसायलाच तयार नव्हती, तिने तोंडावर हात धरला. "आज तोंडाचं काही नाही," मी म्हणाले. "फक्त मान." जाऊ म्हणाली, "परत कशाला? कागद द्या, साडेबाराची गाडी हाय." मी म्हणाले, थोडा वेळ लागेल. मी मोजलं. मांडीचं वजा केलं. मग डब्यातली गोळी चिमट्याने काढून प्लास्टिकच्या मानेत ठेवली, तेवढ्याच अंतरावर, आणि मोजली. डॉक्टर माझ्या मागे उभे होते. त्यांनी दोन्ही आकडे स्वतः वाचले. गोळी सोळा हजार आठशे. बाईची मान आठ हजार दोनशे.

"दोन्ही एकाच दिवसाच्या गोळ्या," मी म्हणाले. "दोन्ही सारख्याच उतरल्या आहेत. एकाला दुसऱ्याने भागायचं, बस."

डॉक्टरांनी खिशातलं पेन काढून तळहातावरच भागलं. "एकोणपन्नास," म्हणाले. "दोन दिवसांनंतर एकोणपन्नास."

"आणि गोळीत सत्तावीस असते तर दोन दिवसांनी तिने तेवीस हजार ठोके दिले असते. सोळाच दिले. गोळी विसाची आहे."

सर आवाज ऐकून दारात आले होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलं, मग डॉक्टरांच्या तळहाताकडे, माझ्याकडे मात्र पाहिलंच नाही. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही.

"हेच मी म्हणत होतो," ते डॉक्टरांना म्हणाले. "यंत्र सरकलंय. ठोके कमी पडायला लागलेत. जुनी ट्यूब, व्होल्टेज धड नाही. मी मुलीला सांगितलंच होतं की गोळीशी ताडून बघ."

त्यांनी भिंतीवरचा हजार ओल्या फडक्याने पुसला, त्याच फडक्याने, आणि तिथे सातशे तीस लिहिलं. सत्तावीस पूर्णांक चार तसेच राहिले. चुकीचे मायक्रोक्युरी आणि त्यांना जुळेल असा चुकीचा ठोका. दोन्ही चुका एकमेकींना खाऊन टक्के यापुढे बरोबर येणार होते. मी विभाग सोडला तोवर भिंतीवर सातशे तीस होते आणि वर्कशीटवर सदतीसचा गुणाकार. तपासणीला आलेल्या एका माणसाने सरांना विचारलं होतं की हा आकडा इतका कमी कसा, तेव्हा सर म्हणाले होते, जुनं यंत्र आहे हो.

"या डब्यातले आधीचे रोगी?" डॉक्टरांनी विचारलं.

"त्यांना कशाला घाबरवायचं?"

"त्यांचे कागद वर पाठवा," डॉक्टर मला म्हणाले. सरांना नाही, मला. मी दुपारीच नेऊन दिले. त्यातल्या कुणाला त्यांनी पत्र घातलं ते मला माहीत नाही.

बाईला यातलं काही कळत नव्हतं. ती खुर्चीतच बसून एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. डॉक्टर तिच्यापुढे वाकले आणि म्हणाले, "आजार आहे, बाई. गळ्याचा. औषध देतो, बरं होईल. हात कापायचा थांबेल, थोडा वेळ लागेल."

जावेने विचारलं, "मग काल मशीन न्हाय का म्हनलं?"

"हिशेब चुकला होता," मी म्हणाले.

सर म्हणाले, "यंत्र."

डॉक्टर वर चिठ्ठी लिहायला गेले, सर आपल्या खोलीत गेले. मी नवा अहवाल टाइप करायला बसले. बाई उठून माझ्या टेबलापाशी आली आणि कापरा हात टेबलावर टेकवून उभी राहिली, म्हणजे टेबलही जरासं हललं.

"बाई, म्हंजे म्या थुकले न्हाय न्हवं?"

"नाही."

"ही ऐकंना," तिने जावेकडे मान केली. "खासबागेत समद्या बायकांना सांगितलं हिनं. सासूला सांगितलं असंल कुणीतरी आतापतोर. औशिद मिळालं तरी घरात मला थुकणारीच म्हनत्याल." तिने कागदाकडे बोट केलं. "कागदावर लिवा की. गिळली म्हनून."

"कागद इंग्रजीत असतो," मी म्हणाले.

"मग आमच्यात लिवा. गल्लीतला मास्तर वाचतोय."

जाऊ म्हणाली, "आता काय कोर्टात जातीस व्हय?" पण ती पुढे आली आणि टाइपरायटरकडे बघत उभी राहिली.

मी अहवाल इंग्रजीत पुरा केला. शेऱ्याच्या जागी कालचं वाक्य नव्हतं, मी ते टाइपच केलं नाही. कागद काढून खालच्या मोकळ्या जागेत पेनने मराठीत लिहिलं, की गोळी रोग्याने माझ्यासमोर पूर्ण गिळली आहे, आधीचा निकाल आमच्या हिशेबाच्या चुकीमुळे कमी आला होता. खाली माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

सही घ्यायला कागद सरांपुढे ठेवला. ते पेरू खात होते. वाचून त्यांनी बोट त्या ओळींवर ठेवलं. बोट ओलं होतं, शाई फिस्कटली.

"हे काय? हा काय पोस्टाचा मजकूर आहे? दवाखान्याच्या कागदावर असलं लिहीत नाहीत. पुन्हा टाइप कर."

"सर, त्यांची गाडी साडेबाराची आहे."

"मग लवकर कर."

मी उभी राहिले. हे मी मनात जुळवून केलं नव्हतं. मी फक्त कागद उचलला नाही आणि गेले नाही. त्यांच्या ओठाच्या कडेला पेरूची एक बी चिकटलेली होती आणि मी तिच्याकडे बघत राहिले. बराच वेळ गेला असेल. शेवटी त्यांनी वरच्या आकड्यांपुढे सही केली, माझ्या ओळींपासून लांब, आणि कागद माझ्याकडे सरकवला, हात न लागू देता.

बाहेर बाईने तो कागद दोन्ही हातांनी धरला. तिला वाचता येत नव्हतं. "कुठं लिवलंय?" तिने विचारलं. मी फिस्कटलेल्या ओळींवर बोट ठेवलं.

"वाचा."

मी वाचून दाखवलं. पहिल्यांदा पुस्तकी मराठीत, जसं लिहिलं होतं तसं. मग जावेकडे बघून, आई घरी बोलते तसं: "गोळी गिळली हुती तिनं. पुरी. थुकली न्हाय. चूक आमची हुती."

जाऊ म्हणाली, "बरं तर." तिने कागद घेतला, चार घड्या घातल्या, आणि स्वतःच्या नाही, बाईच्या कमरेच्या पिशवीत खोचला. "नीट ठीव. सासूला तूच दाव."